1.9 व्होल्टला चुकणारा एडीसी : चिप बनवणाऱ्या कंपनीला दिलेला एक बग रिपोर्ट

उपकरण साधंच होतं. पाइपमधला दाब ठरावीक वेळाने मोजायचा, नोंद करून ठेवायची आणि पुन्हा झोपी जायचं. दोन अल्कलाइन सेल मालिकेत जोडलेले, मध्ये रेग्युलेटर नाही. सेल नवे असताना 3 व्होल्टच्या वर मिळतात आणि प्रत्येक सेल 0.9 व्होल्टपर्यंत उतरला की एकूण 1.8 व्होल्ट उरतात. मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये चालण्याची मर्यादा 1.8 ते 3.6 व्होल्ट दिलेली होती आणि त्यातल्या एडीसीसाठी, म्हणजे पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागासाठीही हीच. म्हणजे कागदावर सेल पूर्ण पिळून घ्यायला काहीच हरकत नव्हती.

दाबाचा सेन्सर ब्रिज प्रकारचा होता. त्याचा सप्लाय आणि एडीसीचा संदर्भ एकच, म्हणजे थेट बॅटरी. अशा जोडणीत बॅटरी उतरली तरी आकडा हलायला नको, कारण मोजायची गोष्ट आणि मोजपट्टी दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान होतात. तरीही सेल संपत आले की काही उपकरणांत दाब हळूहळू कमी दिसू लागायचा. थंडीच्या रात्री जास्त, दुपारी कमी. सेल बदलले की सगळं सुरळीत.

पहिला संशय सेन्सरवर, दुसरा ऑप-अँपवर आणि तिसरा गळतीवर जाणं साहजिक होतं. पण नोंदींमध्ये एक विचित्र जागा सापडली. उपकरणात ओल ओळखणारा एक छोटा सेन्सरही होता. कोरडा असला की त्याचं आउटपुट शून्य व्होल्ट, ओला झाला की सप्लायच्या निम्म्याच्या आसपास. एका उपकरणात पाणी शिरलं, ओलीचा सेन्सर भिजला आणि त्याच क्षणापासून दाबाचा आकडा बरोबर येऊ लागला. पाणी शिरल्यावर मोजमाप सुधारतं ही गोष्ट कुठल्याही सेन्सरच्या बिघाडात बसत नाही. मात्र फर्मवेअरमध्ये ओलीचं चॅनल दाबाच्या चॅनलच्या लगेच आधी वाचलं जात होतं. एडीसीच्या पोटात आधीच्या चॅनलचं काहीतरी शिल्लक राहतंय असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

इथे एडीसीचं आतलं काम थोडक्यात सांगायला हवं. पिनवरचं व्होल्टेज थेट मोजलं जात नाही. आधी एक लहान कपॅसिटर त्या पिनला एका अ‍ॅनालॉग स्विचमधून जोडला जातो, ठरलेल्या वेळात तो पिनच्या व्होल्टेजपर्यंत भरतो, मग स्विच उघडतो आणि रूपांतर सुरू होतं. चॅनल बदललं तरी कपॅसिटर तोच असतो. भरायला दिलेला वेळ पुरला नाही तर त्यात आधीच्या चॅनलचा थोडा अंश उरतो. आमच्या चिपच्या डेटाशीटनुसार हा कपॅसिटर 8 पिकोफॅरड आणि स्विचचा रेझिस्टन्स 2 किलोओम. दोन्हींचा गुणाकार म्हणजे 16 नॅनोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. 12 बिटचा एडीसी पूर्ण मर्यादेचे 4096 समान भाग करतो आणि एक भाग म्हणजे एक काउंट; अर्ध्या काउंटच्या आत यायला असे साधारण नऊ टाइम कॉन्स्टंट लागतात, म्हणजे जवळपास 145 नॅनोसेकंद. आम्ही एडीसीचं क्लॉक 8 मेगाहर्ट्झ ठेवून सॅम्पलिंगला 4 सायकल, म्हणजे 500 नॅनोसेकंद देत होतो. गरजेच्या तिप्पटीहून जास्त. डेटाशीटचा आकडा खरा असता तर शिल्लक उरायला जागाच नव्हती.

एवढ्यावर चिपच्या कंपनीला पत्र लिहिता आलं असतं, पण ते पत्र वाया गेलं असतं. कमी व्होल्टेजला काहीतरी चुकतं अशी तक्रार सपोर्टवाल्याकडे आली की त्याच्या मनात येणारी पहिली गोष्ट म्हणजे तक्रार करणाऱ्याचा बोर्ड. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. सप्लाय उतरला की बोर्डावरची प्रत्येक गोष्ट आपल्या मर्यादेजवळ येते. ऑप-अँपचं आउटपुट वरच्या रेलला टेकतं, रेडिओ चालू झाला की सप्लाय क्षणभर कोसळतो, ब्राउनआउटचा उंबरठा जवळ येतो, क्लॉकची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे दोष चिपचा आहे हे सिद्ध करण्याआधी बाकी सगळ्यांना खोलीबाहेर काढावं लागतं. म्हणून चाचणी आमच्या बोर्डावरून उचलून कंपनीच्याच इव्हॅल्युएशन बोर्डावर नेली. त्यांच्या टेबलावर असलेल्या बोर्डावर दोष दिसला तर बोर्डाबद्दलचा वाद तिथेच संपतो.

ऑप-अँप आणि सेन्सर दोन्ही काढून टाकले. त्यांच्या जागी सप्लायपासून ग्राउंडपर्यंत 10 किलोओमचे दोन रेझिस्टर, मधल्या बिंदूवर एडीसीची पिन आणि तिथून ग्राउंडला 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर महत्त्वाचा. 8 पिकोफॅरडने एका वेळी त्यातून कितीही चार्ज ओढला तरी पिनचं व्होल्टेज 80 मायक्रोव्होल्टच्या आसपासच हलतं. 1.9 व्होल्टला एक काउंट सुमारे 460 मायक्रोव्होल्टचा असतो. म्हणजे "तुमच्या स्रोताचा रेझिस्टन्स जास्त आहे" हा हमखास येणारा आक्षेप आधीच निकाली निघतो. दोन्ही रेझिस्टर सारखे असल्याने अपेक्षित आकडा 2048, सप्लाय कितीही असला तरी. आधीचं चॅनल म्हणून दुसरी एक पिन थेट ग्राउंडला जोडली. चाचणीचा गाभा एवढाच:

```c
for (int i = 0; i < 256; i++) {
    (void)adc_read(CH_PREV);
    buf[i] = adc_read(CH_MID);
}
```

आता इव्हॅल्युएशन बोर्डाची एक खोड. त्याच्यावर डिबगर बसवलेला असतो आणि तो 3.3 व्होल्टवर चालतो. चिपला वेगळ्या सप्लायवरून 1.9 व्होल्ट दिले तरी डिबगरच्या तारा 3.3 व्होल्टवरच राहतात. मग चिपच्या पिनमधल्या संरक्षक डायोडमधून करंट आत शिरतो आणि चिपचा सप्लाय मागच्या दाराने वर उचलला जातो. बेंच सप्लायचा डिस्प्ले 1.9 दाखवत असतो आणि चिपच्या पायाशी भलतंच काही असतं. शिवाय असा शिरलेला करंट एडीसीला स्वतःच बिघडवतो. यूएसबी-सिरियल अ‍ॅडॅप्टरचंही तेच. त्याची पाठवणारी तार निवांत असतानाही 3.3 व्होल्टवर असते. कमी व्होल्टेजचे कितीतरी "चिपचे दोष" या एका कारणाने जन्माला येतात असं माझं मत आहे.

यावर उपाय म्हणून डिबगरकडे जाणारे जंपर काढले, सिरियलही सोडवली. आकडे रॅममध्ये साठवायचे, चाचणी संपल्यावर सप्लाय हळूच 3 व्होल्टवर न्यायचा आणि मग डिबगर लावून रॅम वाचायची. सप्लाय मध्ये तुटत नसल्याने रॅममधलं काही जात नाही. व्होल्टेज मल्टीमीटरने चिपच्या सप्लाय पिनवरच मोजलं आणि स्कोपची ग्राउंड क्लिप काढून, प्रोबच्या टोकाशी छोटी स्प्रिंग लावून रूपांतराच्या वेळी सप्लाय किती हलतो ते पाहिलं. 10 मिलिव्होल्टपेक्षा कमी.

आकडे स्पष्ट आले. 2.4 व्होल्टला चूक एका काउंटच्या आत. 2.2 ला 3 काउंट कमी, 2.0 ला 20, 1.9 ला 48 आणि 1.8 ला 120 च्या घरात. सप्लाय दहा टक्क्यांनी उतरतो आणि चूक कित्येक पटींनी वाढते. आधीची पिन ग्राउंडऐवजी सप्लायला जोडली की चूक उलट दिशेला, म्हणजे आकडा जास्त येतो. आधीची पिनही निम्म्या व्होल्टेजवर ठेवली की चूक गायब. भिजलेल्या सेन्सरने दाबाचं मोजमाप का सुधारलं याचं उत्तर तिथेच मिळालं. संदर्भ व्होल्टेज चुकलं असतं किंवा सप्लायमध्ये गोंगाट असता तर चुकीची दिशा आधीच्या चॅनलवर अवलंबून राहिली नसती.

मग सॅम्पलिंगचा वेळ बदलून पाहिला. 1.9 व्होल्टला 4 सायकलला 48 काउंट, 6 सायकलला 8 आणि 8 सायकलला 1 ते 2. दर 250 नॅनोसेकंदांना चूक सहाव्या हिश्श्यावर येते. कपॅसिटर भरतानाची ही ओळखीची घसरण आहे आणि तिच्यातून आतला रेझिस्टन्स थेट काढता येतो:

```
τ = 250 ns / ln 6  ≈ 140 ns
R = 140 ns / 8 pF  ≈ 17.5 kΩ
```

डेटाशीट म्हणतं 2 किलोओम, चिप म्हणते सतरा-अठरा. यात 48 हा आकडा एकटा वापरला नाही, दोन आकड्यांचं गुणोत्तर वापरलं, हे मुद्दाम. सुरुवात नेमकी कुठून झाली हे आपल्याला माहीत नसतं, आणि गुणोत्तरात ती अडचण आपोआप निघून जाते.

खरा पुरावा मात्र पुढच्या मोजणीत होता. आधीचं चॅनल ग्राउंडवर ठेवून मोजायच्या पिनवरचं व्होल्टेज शून्यापासून सप्लायपर्यंत सरकवत नेलं. नुसता वेळ कमी पडत असता आणि स्विचचा रेझिस्टन्स सगळीकडे सारखा असता तर चूक व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत गेली असती आणि सप्लायच्या जवळ सर्वांत जास्त झाली असती, कारण तिथे कपॅसिटरला सर्वांत लांब जायचं असतं. प्रत्यक्षात पाव सप्लायला चूक जवळपास नव्हती, निम्म्याजवळ तिचा उंचवटा होता आणि पाऊण सप्लायपर्यंत ती पुन्हा मावळली होती.

अ‍ॅनालॉग स्विच कसा बनतो हे ज्याला ठाऊक आहे त्याने हा उंचवटा पाहिला की पुढचं काही सांगावं लागत नाही. हा स्विच म्हणजे एन-मॉस आणि पी-मॉस असे दोन ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले. व्होल्टेज ग्राउंडच्या जवळ असलं की एन-मॉस जोरात चालतो, सप्लायच्या जवळ असलं की पी-मॉस. मध्यावर दोघांवर अर्धा-अर्धा भार येतो. सप्लाय 3 व्होल्ट असेल तर मध्यावर प्रत्येकाच्या गेटला 1.5 व्होल्ट मिळतात आणि दोघेही व्यवस्थित चालतात. सप्लाय 1.9 असेल तर गेटला मिळतात फक्त 0.95, आणि ट्रान्झिस्टर चालू होण्याचा उंबरठा त्याच्या अगदी जवळ असतो. दाराच्या दोन्ही फळ्या अर्ध्याच उघडाव्यात तसं होतं: वाट आहे, पण चिंचोळी. म्हणून टोकांना स्विच ठणठणीत आणि मध्यावर दमलेला.

थंडीचा संबंधही इथूनच लागतो. तापमान उतरलं की ट्रान्झिस्टरचा उंबरठा वर जातो, ढोबळमानाने दर अंशाला 1 ते 2 मिलिव्होल्ट. थर्मल चेंबरमध्ये 25 अंशांवरून उणे 10 वर नेल्यावर 1.9 व्होल्टची चूक 48 वरून 120 च्या आसपास गेली, म्हणजे खोलीच्या तापमानाला 1.8 व्होल्टवर होती तेवढीच. हिशोब जुळतो. सप्लाय 0.1 व्होल्टने उतरला की मध्यावर गेटचं व्होल्टेज त्याच्या निम्म्याने, 50 मिलिव्होल्टने घटतं, आणि 35 अंशांच्या थंडीने उंबरठाही साधारण तेवढाच वर येतो. चेंबर नसेल तर बरेच जण गार करणारा स्प्रे मारतात. संशय घ्यायला तो ठीक आहे, पुरावा म्हणून नाही. चिपवर दव जमतं, दवातून पिना-पिनांमध्ये करंट झिरपतो आणि मग चूक स्विचची की ओलाव्याची हे सांगता येत नाही.

आता रिपोर्ट. तो जसा गेला तसा, फक्त चिपची ओळख वगळून:

> विषय: एडीसी: सप्लाय 2.2 व्होल्टखाली असताना आधीच्या चॅनलचा अंश पुढच्या मोजमापात उतरतो. तुमच्या इव्हॅल्युएशन बोर्डावर दोष दिसतो.
>
> काय दिसतं: सप्लाय 1.9 व्होल्ट, तापमान 25 अंश, एडीसी क्लॉक 8 मेगाहर्ट्झ, सॅम्पलिंग 4 सायकल. ग्राउंडला जोडलेलं चॅनल वाचून लगेच निम्म्या सप्लायवरचं चॅनल वाचलं तर 2048 ऐवजी सरासरी 2000 येतात. आधीचं चॅनल सप्लायला जोडलं तर आकडा 2048 च्या वर जातो. 2.4 व्होल्टला दोन्ही वेळा चूक एका काउंटच्या आत.
>
> काय अपेक्षित: डेटाशीटप्रमाणे स्विच 2 किलोओम आणि कपॅसिटर 8 पिकोफॅरड धरल्यास 500 नॅनोसेकंद पुरेसे आहेत. त्या तक्त्यात सप्लायची कुठलीही अट दिलेली नाही.
>
> पुन्हा कसं घडवायचं: इव्हॅल्युएशन बोर्डावरचे डिबगरचे सर्व जंपर काढा. बाहेरून सप्लाय द्या. जोडणीचं चित्र, पूर्ण सोर्स कोड आणि तयार बायनरी सोबत आहेत. निकाल रॅममध्ये साठतो. सप्लाय न तोडता 3 व्होल्टवर नेऊन तो वाचा.
>
> कुठे-कुठे दिसलं: दोन वेगवेगळ्या उत्पादन तारखांच्या पाच चिप्स, सर्वांवर. चिपवरच्या छपाईचे फोटो आणि आयडी रजिस्टरमधून वाचलेली सिलिकॉन रिव्हिजन सोबत.
>
> काय तपासून बाद केलं: एडीसीचं सेल्फ-कॅलिब्रेशन प्रत्येक व्होल्टेजला नव्याने केलं, फरक नाही. कोअर क्लॉक 4 मेगाहर्ट्झवर आणलं, फरक नाही. सप्लाय पिनवरचा स्कोपचा आलेख सोबत. मोजायच्या पिनवर 100 नॅनोफॅरड आहे.
>
> आकडे: सप्लाय, सॅम्पलिंगचा वेळ, इनपुटचं व्होल्टेज आणि तापमान यांच्यानुसार चार फायली.
>
> आमचा अंदाज, वरच्या निरीक्षणांपासून वेगळा: मध्यावरच्या व्होल्टेजला स्विचचा रेझिस्टन्स खूप वाढत असावा. 1.9 व्होल्टला तो 17.5 किलोओमच्या आसपास निघतो.
>
> आम्हाला काय हवं: 1.8 ते 2.4 व्होल्ट या पट्ट्यात, चिपच्या पूर्ण तापमान मर्यादेत, सॅम्पलिंगचा किमान वेळ किती ठेवावा याचा हमी असलेला आकडा.

यात दोन गोष्टी विचारपूर्वक केल्या होत्या. पहिली, अंदाज सगळ्यात शेवटी आणि वेगळा. कारण वर ठेवलं की समोरचा इंजिनिअर कारणावर वाद घालतो आणि आकडे बाजूला पडतात. कारण चुकीचं निघालं तरी निरीक्षण खरंच राहतं, म्हणून दोघांची गाठ बांधायची नाही. दुसरी, मागणी नेमकी होती. नुसतं "हे दुरुस्त करा" म्हटलं तर चिप बनवणारा काही करू शकत नाही. सिलिकॉन बदलायला मास्क बदलावे लागतात आणि एका ग्राहकासाठी ते कोणी करत नाही. पण एक आकडा द्या म्हटलं तर त्याला आपल्या सिम्युलेशनमधून तो काढून देता येतो.

पहिलं उत्तर ठरलेल्या साच्यातलं आलं: सप्लायजवळ डीकपलिंग कपॅसिटर वाढवा, कॅलिब्रेशन पुन्हा करा. दोन्ही मुद्द्यांची उत्तरं रिपोर्टमध्येच होती, त्यामुळे त्या-त्या परिच्छेदाकडे बोट दाखवून प्रकरण अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरकडे पाठवण्याची विनंती केली. चिडून लिहिण्यात काही अर्थ नसतो. पहिल्या फळीतला माणूस दिवसभर विसरलेले कपॅसिटरच शोधत असतो.

अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअरने बायनरी आपल्या बोर्डावर चालवली आणि कळवलं की त्याला काही दिसत नाही. अशा वेळी दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या की तिकीट बंद होतं. आम्ही त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली: चाचणी चालू असताना चिपच्या सप्लाय पिनवर मल्टीमीटर लावून दिसणारं व्होल्टेज. ते 2.5 व्होल्टच्या वर निघालं. डिबगरचा एक जंपर तसाच राहिला होता आणि सप्लाय मागच्या दाराने वर उचलला जात होता. जंपर काढल्यावर त्याच्याकडेही चूक दिसली. पुढच्या वेळी असा रिपोर्ट लिहायचा तर चिपच्या पायावरचं व्होल्टेज मोजून लिहून घेणं हीच चाचणीची पहिली पायरी ठेवावी.

त्यानंतर सूर बदलला. त्याने इनपुटच्या व्होल्टेजनुसारची फाइल मागितली, जी आधीच सोबत होती, आणि उंचवटा पाहून प्रकरण डिझाइनवाल्यांकडे गेलं. त्यांचं म्हणणं असं आलं की डेटाशीटमधला 2 किलोओमचा आकडा 3 व्होल्टच्या सप्लायचा आहे. काही चिप्समध्ये अशा स्विचच्या गेटला सप्लायपेक्षा वरचं व्होल्टेज देणारा छोटा चार्ज पंप असतो, तो चालू केला की मध्यावरचा अशक्तपणा जातो. या चिपमध्ये तो नव्हता. म्हणजे रजिस्टरमधला एखादा बिट लावून सुटण्यासारखं हे नव्हतं.

बिघाड म्हणायचं की मर्यादा, यावर थोडी ओढाताण झाली. त्यांच्या मते सर्किट जसं बनवलं तसंच चालतंय. आमचं म्हणणं होतं की तक्त्यात अट लिहिलेली नसेल तर तो आकडा पूर्ण मर्यादेला लागू होतो, आणि वाचणाऱ्याने तेच धरायला हवं. शेवटी एराटामध्ये, म्हणजे चिपच्या ज्ञात दोषांच्या अधिकृत यादीत, नोंद आली: 2.4 व्होल्टखाली सॅम्पलिंगला किमान 5 मायक्रोसेकंद द्यावेत. डेटाशीटच्या पुढच्या आवृत्तीत त्या तक्त्याला सप्लायची अट जोडली जाईल असंही कळवलं.

5 मायक्रोसेकंद हा आकडा आमच्या 1 मायक्रोसेकंदाच्या तुलनेत फार मोठा वाटतो. 1.9 व्होल्टला 25 अंशांवर 8 सायकलमध्येच चूक 1 ते 2 काउंटवर आली होती, मग पाचपट कशाला? पण हा मोह टाळायला हवा. मध्यावर गेटला मिळणारं व्होल्टेज आणि उंबरठा यांच्यातलं अंतर 1.8 व्होल्टला आणि कडक थंडीत काही दशक मिलिव्होल्टवर येतं. अंतर निम्मं झालं की रेझिस्टन्स दुप्पट होतो, आणि शून्याच्या जवळ जाताना तो झपाट्याने वाढतो. शिवाय सगळ्या चिप्सचा उंबरठा सारखा नसतो. आमच्या पाच चिप्समध्ये सर्वांत वाईट चिप असण्याची शक्यता कमीच. म्हणून टेबलावर मोजलेला आकडा थोडा वाढवून वापरण्यापेक्षा कंपनीकडून हमीचा आकडा घेणं शहाणपणाचं होतं.

फर्मवेअरमध्ये आम्ही सॅम्पलिंग 64 सायकलवर नेलं, म्हणजे 8 मायक्रोसेकंद. उपकरण बहुतेक वेळ झोपलेलं असल्याने बॅटरीवर त्याचा फरक जाणवण्याइतकाही नाही. सतत आणि वेगाने सॅम्पल घेणाऱ्या उपकरणात हे परवडणार नाही. तिथे एकच चॅनल लागोपाठ दोनदा वाचून पहिला आकडा टाकून देता येतो. दुसऱ्या वेळी कपॅसिटर जवळपास योग्य जागेवरूनच निघतो, म्हणून 48 ची चूक दुसऱ्या फेरीत 1 ते 2 वर येते. मात्र ही युक्ती फक्त आधीच्या चॅनलचा अंश धुऊन काढते. सिग्नल स्वतःच वेगाने बदलत असेल तर दमलेला स्विच त्याला तरीही मागे ओढणारच.

प्रश्न उरला जुन्या नोंदींचा. आधीचं चॅनल शून्यावर होतं, सप्लायही प्रत्येक नोंदीत साठवलेला होता, मग सूत्र लावून आकडे सुधारता येतील का? पुस्तकी उत्तर होय असलं तरी आम्ही ते केलं नाही. उपकरणाचं तापमान नोंदलेलं नव्हतं, आणि त्या-त्या चिपचा उंबरठा कुठे होता ते आता कळणार नाही. 2.2 व्होल्टखालच्या नोंदींना संशयास्पद अशी खूण लावली आणि आकडे जसेच्या तसे ठेवले. ज्या नोंदींत ओलीचा सेन्सर भिजलेला होता तेवढ्या मात्र खुणेशिवाय राहिल्या.